निवृत्तीची ग्रॅच्युइटी पुन्हा मोजताना: शेवटचा पगार, पूर्ण वर्षं आणि सहा महिन्यांचा नियम

कारखान्याच्या पगार विभागात माझी बरीच वर्षं गेली. आता ओळखीतली माणसं हिशेबाचा कागद घेऊन घरी येतात आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: "एवढेच कसे?" पुढचे प्रश्नोत्तर खासगी कारखाने, कंपन्या, दुकानं आणि संस्थांमधून निवृत्त होणाऱ्यांसाठी आहेत. सरकारी नोकरीचं गणित वेगळं आहे, त्याचा वेगळा प्रश्न खाली आहे.

उदाहरण सगळीकडे एकच घेतलं आहे. एका इंजिनिअरिंग कारखान्यातला फिटर १२ नोव्हेंबर १९९६ ला कामावर लागला आणि ३१ मे २०२५ ला निवृत्त झाला. शेवटच्या पगार चिठ्ठीवर मूळ पगार २४,३०० रुपये, महागाई भत्ता ९,८५० रुपये आणि खाली घरभाडे, प्रवास, धुलाई वगैरे भत्ते होते. ऑफिसने त्याच्या हातात ३,४०,२०० रुपयांचा कागद ठेवला.

मूळ सूत्र काय आहे?

शेवटचा मासिक पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षं. म्हणजे दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार. हे १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याच्या कलम ४(२) मध्ये होतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो कायदा नव्या संहितेत गेला, पण सूत्र तेच राहिलं. सूत्र एका ओळीचं आहे, पण त्यातला प्रत्येक आकडा कुठून घ्यायचा इथेच चुका होतात. आपल्या फिटरच्या कागदावर तीन आकड्यांपैकी तिन्ही चुकले होते.

"शेवटचा पगार" म्हणजे हातात आलेला पगार का?

नाही, आणि एकूण पगारही नाही. जुन्या कायद्यात मूळ पगार अधिक महागाई भत्ता एवढंच धरायचं. बोनस, कमिशन, घरभाडे भत्ता, ओव्हरटाइम आणि इतर भत्ते बाहेर राहतात. फिटरच्या ऑफिसने फक्त मूळ पगार धरला होता. विचारल्यावर उत्तर आलं, "डीए हा भत्ताच आहे ना?" भत्ता आहेच, पण कायद्याच्या व्याख्येत महागाई भत्त्याचं नाव घेऊन तो पगारात धरायला सांगितलं आहे. तेव्हा इथे धरायचा आकडा २४,३०० + ९,८५० = ३४,१५० रुपये.

ज्या कंपन्यांत महागाई भत्ता वेगळा दाखवतच नाहीत, तिथे मूळ पगाराचाच आकडा राहतो. चिठ्ठीवर "व्हीडीए" असं लिहिलं असेल तर तो बदलता महागाई भत्ताच आहे, तोही धरायचा.

शेवटच्या महिन्यात माझी बिनपगारी रजा होती. मग कमी आलेला पगार धरणार का?

नाही. कायद्याचा शब्द आहे शेवटच्या पगाराचा *दर*. मे महिन्यात दहा दिवस बिनपगारी गेले म्हणून चिठ्ठीवर २३ हजार उमटले असतील, तरी दर ३४,१५० हाच राहतो. पगाराचं सॉफ्टवेअर मात्र अनेकदा शेवटच्या महिन्यात प्रत्यक्ष दिलेली रक्कम उचलतं. तुमच्या कागदावरचा पगार आणि एप्रिलच्या चिठ्ठीवरचा मूळ पगार अधिक डीए यांत फरक दिसला, तर आधी इथेच बघा.

पीस-रेटवर काम करणाऱ्यांना असा मासिक दर नसतो. त्यांच्यासाठी नोकरी संपण्याआधीच्या तीन महिन्यांच्या कमाईची सरासरी काढायची, ओव्हरटाइम सोडून.

महिन्यात ३० दिवस असताना २६ ने का भागायचं?

कारण आठवडी सुट्ट्या सोडल्या तर कामाचे दिवस साधारण २६ उरतात, आणि मासिक पगार हा त्या २६ दिवसांच्या कामाचा धरला जातो. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये दिग्विजय वूलन मिल्सच्या खटल्यात ही पद्धत मान्य केली. पुढे १९८७ च्या दुरुस्तीने कायद्यातच स्पष्टीकरण आलं की मासिक पगारदारासाठी २६ ने भागून १५ ने गुणायचं. त्यामुळे आता यात वादाला जागा नाही.

तरीही "पंधरा दिवस म्हणजे अर्धा महिना, अर्धा पगार" असा सोपा हिशेब करणारे भेटतात. तो ऐकायला बरोबर वाटतो म्हणूनच टिकून आहे. ३४,१५० चा अर्धा १७,०७५ होतो. २६ च्या हिशेबाने मात्र दर वर्षाचे १९,७०१.९२ रुपये होतात. एका वर्षामागे अडीच हजारांहून जास्त फरक.

सहा महिन्यांचा नियम नक्की काय म्हणतो?

सेवेचं प्रत्येक पूर्ण वर्ष, आणि उरलेला तुकडा सहा महिन्यांहून *जास्त* असेल तर त्याचंही एक पूर्ण वर्ष. उरलेला तुकडा सहा महिने किंवा त्याहून कमी असेल तर तो सोडून द्यायचा. शाळेतलं "अर्धा किंवा जास्त असेल तर वर" हे इथे चालत नाही. बरोबर सहा महिने झाले तर वर्ष वाढत नाही, सहा महिने आणि एक दिवस झाला तर वाढतं.

फिटरचं बघू. १२ नोव्हेंबर १९९६ पासून ११ नोव्हेंबर २०२४ पर्यंत २८ वर्षं पूर्ण. १२ नोव्हेंबर २०२४ पासून ११ मे २०२५ पर्यंत सहा महिने. १२ ते ३१ मे असे वीस दिवस उरले. म्हणजे २८ वर्षं, ६ महिने, २० दिवस, आणि ग्रॅच्युइटीसाठी २९ वर्षं. ऑफिसने "पूर्ण वर्षं" हा शब्द वाचून २८ धरली होती.

आता दोन बाजूची माणसं घेऊ. एक जण १ डिसेंबर १९९६ ला लागला आणि त्याच ३१ मे २०२५ ला निवृत्त झाला. त्याची २८ वर्षं आणि बरोबर सहा महिने झाले, एकही दिवस जास्त नाही. त्याला २८. दुसरा ३० नोव्हेंबर १९९६ ला लागला. त्याचे सहा महिने २९ मे ला पूर्ण झाले आणि दोन दिवस जास्त झाले. त्याला २९. महिन्याच्या एक तारखेला लागून महिनाअखेरीला निवृत्त होणारे पुष्कळ असतात, म्हणून ही बरोब्बर सहा महिन्यांची अडचण दिसते त्यापेक्षा जास्त जणांच्या वाट्याला येते. अशा वेळी नेमणूकपत्रावरची तारीख आणि हजेरीपत्रकातला पहिला दिवस हे दोन्ही काढून बघावे. एक दिवस आधी हजर झाल्याची नोंद असेल, तर एका वर्षाची ग्रॅच्युइटी हलते.

मग त्या फिटरला नक्की किती मिळायला हवं होतं?

चुका एकेक करून दुरुस्त केल्या तर कोणती चूक किती महाग पडली तेही कळतं.

ऑफिसचा हिशेब असा होता: २४,३०० चा अर्धा १२,१५०, गुणिले २८, बरोबर ३,४०,२००.

महागाई भत्ता धरला की ३४,१५० चा अर्धा १७,०७५, गुणिले २८, म्हणजे ४,७८,१००. एवढ्यानेच १,३७,९०० रुपये वाढले. आता अर्ध्या महिन्याऐवजी २६ चा भागाकार लावला की रक्कम ५,५१,६५३.८५ होते, म्हणजे आणखी ७३,५५३.८५. शेवटी २८ ऐवजी २९ वर्षं धरली की ५,७१,३५५.७७, म्हणजे आणखी १९,७०१.९२.

एकूण फरक २,३१,१५५.७७ रुपये. लोक सहा महिन्यांच्या नियमावरून भांडत येतात आणि तो हक्काचाच आहे, पण त्याने कधीही एकाच वर्षाची रक्कम वाढते. पगाराचा आकडा चुकला तर तो सगळ्या वर्षांना गुणला जातो. म्हणून कागद हातात आला की मी आधी पगार बघतो, मग भागाकार, आणि वर्षं सर्वांत शेवटी.

रुपयांचं पूर्णांकन कधी करायचं?

अगदी शेवटी. ३४,१५० भागिले २६ हे १,३१३.४६ होतं. ते १,३१३ करून पुढे गेलात तर उत्तर ५,७१,१५५ येतं, म्हणजे दोनशे रुपये कमी. रक्कम फार मोठी नाही, पण ऑफिसचं उत्तर तुमच्यापेक्षा असं शे-दोनशेने वेगळं आलं तर समजा की मध्येच कुणीतरी रुपयाखालचे पैसे सोडून दिले आहेत. आधी सगळे गुणाकार करा आणि शेवटी एकदाच २६ ने भागा.

हे एक्सेलमध्ये कसं बसवायचं?

A2 मध्ये कामावर लागल्याची तारीख, B2 मध्ये नोकरीचा शेवटचा दिवस, C2 मध्ये मूळ पगार अधिक डीए. मग D2 ते H2 मध्ये क्रमाने:

```
=DATEDIF(A2,B2+1,"Y")
=DATEDIF(A2,B2+1,"YM")
=DATEDIF(A2,B2+1,"MD")
=D2+IF(OR(E2>6,AND(E2=6,F2>0)),1,0)
=MIN(2000000,ROUND(C2*15*G2/26,2))
```

B2 ला एक मिळवायचं कारण असं की शेवटचा दिवसही कामाचाच असतो. तो विसरला की सगळ्यांची सेवा एका दिवसाने कमी होते आणि सहा महिने एक दिवस असलेला माणूस बरोबर सहा महिन्यांवर येतो.

दिवसांच्या फरकाला ३६५ ने भागून ROUND लावू नका. २८ वर्षांत लीप वर्षांचे सात दिवस साठतात, तेवढ्याने सेवा फुगते. शिवाय १ जुलै ते ३१ डिसेंबर हे बरोबर सहा महिने आहेत, पण दिवस १८४ होतात. ३६५ ने भागलं तर ०.५०४ येतं आणि ROUND वर्ष वाढवतो, जे नियमात बसत नाही. नियम महिन्यांत आहे, तर मोजणीही महिन्यांतच करावी.

सेवा पर्मनंट झाल्यापासून मोजायची का?

नाही, कामावर लागल्यापासून. तात्पुरता, प्रोबेशनवरचा, बदली असं काहीही नाव असलं तरी त्याच मालकाकडची सलग सेवा धरली जाते. ऑफिसच्या मास्टर फाइलमध्ये मात्र "डेट ऑफ कन्फर्मेशन" हीच ठळक दिसते आणि हिशेब तिथून सुरू होतो. अशा घोळात एक-दोन नव्हे, कधी चार-पाच वर्षं जातात. जुनी पगार चिठ्ठी, ईएसआयची नोंद किंवा भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात पहिला भरणा झाल्याचा महिना, यांतला कुठलाही पुरावा कामाला येतो.

अपवाद अॅप्रेंटिसचा. त्या काळात माणूस कायद्याच्या व्याख्येत कर्मचारी नसतो, त्यामुळे ती वर्षं धरली जात नाहीत. मात्र नुसतं "ट्रेनी" असं नाव देऊन नेहमीचं उत्पादनाचं काम करून घेतलं असेल, तर नावापेक्षा काम काय होतं हे बघितलं जातं.

मधल्या संपाचे, आजारपणाचे, गैरहजेरीचे दिवस वजा होतात का?

आजारपण, अपघात, रजा, ले-ऑफ आणि कायदेशीर संप यांनी सेवा खंडित होत नाही. न सांगता गैरहजर राहिलात तरीही आपोआप खंड पडत नाही. स्थायी आदेशांनुसार त्या गैरहजेरीला सेवाखंड ठरवणारा आदेश निघालेला असावा लागतो. ऑफिसने बिनपगारी दिवसांची बेरीज करून वर्षांतून वजा केली असेल, तर तो आदेश दाखवा म्हणावं. पुष्कळदा तो काढलेलाच नसतो.

पाच वर्षांची अट आणि २४० दिवस, हे कुठे येतं?

ते हक्क मिळण्यासाठी आहे, सहा महिन्यांचा नियम रक्कम मोजण्यासाठी. दोन्ही एकत्र करू नयेत. आधी पाच वर्षांची सलग सेवा झाली का हे ठरतं आणि वर्षभरात २४० दिवस काम झालं असेल तर ते वर्ष सलग मानलं जातं. "साडेचार वर्षं झाली म्हणजे पाच धरतील" हे बरोबर नाही. पूर्णांकनाने हक्क निर्माण होत नाही. मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर पाच वर्षांची अट लागत नाही.

साखर कारखान्यातल्या हंगामी कामगाराचं काय?

बारमाही कामगाराला वरचंच सूत्र. जो फक्त गळीत हंगामात कामावर असतो, त्याला वर्षाला पंधरा नव्हे तर दर हंगामाला सात दिवसांचा पगार. पुढे बारमाही झाला असेल तर हंगामी काळ आणि बारमाही काळ वेगवेगळे मोजून बेरीज करायची. मात्र दोन्हींना पगाराचा दर शेवटचाच लावायचा.

पेपरात २५ लाख वाचलं. माझ्या कंपनीला तेवढी मर्यादा आहे का?

नाही. २५ लाख ही केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची मर्यादा आहे, १ जानेवारी २०२४ पासूनची. महाराष्ट्र शासनाची १ सप्टेंबर २०२४ पासून १४ वरून २० लाख झाली. खासगी क्षेत्रासाठी २९ मार्च २०१८ पासून २० लाख आहे. कंपनीचा करार किंवा योजना यापेक्षा चांगली असेल, तर कायदा तिला आड येत नाही.

सरकारी नोकरीत हाच हिशेब का नाही?

तिथे वर्षं नव्हे, सहामाही मोजतात. प्रत्येक पूर्ण सहामाहीला पगाराचा पाव हिस्सा, जास्तीत जास्त साडेसोळा पट. उरलेला तुकडा तीन महिने किंवा जास्त असेल तर तो पूर्ण सहामाही धरतात. इथे "किंवा जास्त" आहे, म्हणजे बरोबर तीन महिने झाले तरी चालतात.

आपल्या फिटरचेच आकडे तिथे लावले तर २८ वर्षांच्या ५६ सहामाही, सहा महिन्यांची एक, आणि वीस दिवस सोडून दिले. एकूण ५७. ३४,१५० चा पाव ८,५३७.५०, गुणिले ५७, म्हणजे ४,८६,६३७.५०. तिथे २६ चा भागाकार नाही. सरकारी खात्यातला मेव्हणा "माझं असं मोजलं" म्हणाला म्हणून आपला कागद चुकीचा ठरवू नये, आणि उलटही करू नये.

नोव्हेंबर २०२५ नंतर निवृत्त झालो तर काय बदलतं?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि १९७२ चा कायदा तिच्यात गेला. मासिक पगाराच्या माणसासाठी २६, १५ आणि सहा महिन्यांहून जास्तचा नियम तसाच आहे. बदलली ती पगाराची व्याख्या. घरभाडे, प्रवासभत्ता यांसारखे वगळलेले घटक मिळून एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त होत असतील, तर निम्म्यावरची रक्कम पगारात परत धरायची.

समजा एकूण ६०,००० रुपये आहेत. त्यात मूळ अधिक डीए २२,०००, घरभाडे भत्ता २४,००० आणि प्रवासभत्ता १४,०००. वगळलेले ३८,००० झाले. निम्मे ३०,०००, त्यावरचे ८,००० पगारात येतात आणि दर होतो ३०,०००. वर्षाची ग्रॅच्युइटी १२,६९२.३१ वरून १७,३०७.६९ वर जाते. मूळ पगार मुद्दाम लहान ठेवलेल्या कंपन्यांत याचा परिणाम सर्वांत जास्त दिसेल. ठरावीक मुदतीच्या करारावरच्या कर्मचाऱ्याला आता पाच वर्षं थांबावं लागत नाही, एक वर्षाच्या सेवेनंतर त्या प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते.

निवृत्तीनंतर वेतनकरार झाला आणि डीए मागच्या तारखेपासून वाढला. आता?

करार कोणत्या तारखेपासून लागू आहे आणि त्यात निवृत्त झालेल्यांचा समावेश आहे का, ही दोन कलमं वाचा. तुम्ही नोकरीत असतानाच्या काळाचा वाढीव पगार तुम्हाला देय असेल, तर शेवटच्या पगाराचा दरही वाढलेला आहे. फरकाची थकबाकी देऊन ग्रॅच्युइटी जुन्याच दराने ठेवणं हा नेहमीचा प्रकार आहे, कारण थकबाकीची यादी एक टेबल करतं आणि ग्रॅच्युइटी दुसरं.

फुल अँड फायनलवर सही करून बसलो आहे. मागता येईल का?

येतं. कायद्याने ठरलेली रक्कम पावतीवरच्या सहीने कमी होत नाही. तरी सही करताना "रक्कम मान्य नाही, फरकाचा हक्क राखून" असं हाताने लिहिलेलं बरं.

आधी ऑफिसला लेखी पत्र द्या आणि त्यात तिन्ही आकडे मांडा: पगाराचा दर, २६ चा भागाकार, सेवेची वर्षं. ग्रॅच्युइटी देय झाल्यापासून तीस दिवसांत मिळायला हवी, त्यानंतर दहा टक्के सरळ व्याज लागतं, आणि ते राहिलेल्या फरकालाही लागतं. आपल्या फिटरचे २,३१,१५५.७७ रुपये जूनअखेरपर्यंत यायला हवे होते. डिसेंबरअखेरीला मिळाले तर सहा महिन्यांचं व्याज साधारण ११,५५८ रुपये होतं.

ऑफिसने दाद दिली नाही तर जुन्या कायद्याखाली नमुना 'एन' भरून नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, नव्वद दिवसांच्या आत. महाराष्ट्रात हे काम कामगार न्यायालयाकडे चालत आलं आहे. उशीर झाला असेल तर पुरेसं कारण देऊन तो माफ करून मागता येतो. अर्जासोबत शेवटच्या तीन पगार चिठ्ठ्या, नेमणूकपत्र, निवृत्तीचं पत्र आणि ऑफिसचा हिशेबाचा कागद जोडा. तो कागद फाडून टाकू नका. ऑफिसने कोणता पगार धरला आणि किती वर्षं धरली, हे त्यांच्याच अक्षरात तिथे लिहिलेलं असतं.